शनिवार-रविवारचा ताप

बर्खोल्डेरिया सेपेशिया हा जंतू रक्ताच्या कल्चरमध्ये रोज भेटणाऱ्यांतला नाही. आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये आदल्या अख्ख्या वर्षात तो एकदाच नोंदवलेला होता. त्यामुळे २२ जुलैच्या सोमवारी सकाळी दोन प्लेटांवर तो एकाच वेळी वाढलेला दिसला, तेव्हा आमच्या तंत्रज्ञानं रिपोर्ट पुढे पाठवण्याआधी मला हाक मारली. दोन्हींची ओळखही सारखी होती: कोलिस्टिन या अँटिबायोटिकला अजिबात दाद न देणारा, जेंटामायसिनलाही नाही, पण कोट्रायमोक्साझोल आणि मेरोपेनेमला मात्र नरम पडणारा. दोन्ही नमुने महिला मेडिसिन वॉर्डातले होते. रजिस्टर उलटं चाळलं, तर मागच्या पंधरवड्यात त्याच वॉर्डातले आणखी दोन सापडले. ते वेगवेगळ्या युनिटकडे, वेगवेगळ्या दिवशी गेले होते. प्रत्येक युनिटच्या नजरेत तो एकटा-दुकटा विचित्र जंतू होता. चारही एकत्र फक्त लॅबलाच दिसत होते.

मी रुग्णालयाची मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आहे. वॉर्डात जाण्याआधी मी इन्चार्ज सिस्टरांना फोन केला आणि एकच विनंती केली: उघडलेलं काहीही फेकू नका. अर्धवट वापरलेली बाटली, व्हायल, जंतुनाशकाचा डबा, जे जिथे आहे तिथे राहू द्या. वॉर्डात साथ आल्याची चाहूल लागली की चांगल्या मनानं सगळं घासून-पुसून लख्ख केलं जातं, जुन्या बाटल्या लाल पिशवीत जातात आणि पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. तो फोन वेळेवर झाला, हे नंतर कळलं.

पहिला प्रश्न असा होता की ही साथ खरी आहे की खोटी? सेपेशियाच्या बाबतीत हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण हा जंतू पाण्यात जगतो आणि कमजोर पडलेल्या जंतुनाशकातही जगतो. १९८० साली अमेरिकेत पोव्हिडोन आयोडीनमध्येच तो सापडला होता. रक्त काढण्यापूर्वी त्वचा त्याच द्रावणानं पुसली जायची, जंतू सुईवाटे कल्चरच्या बाटलीत उतरायचा आणि रक्तात काहीही नसताना रुग्णाला रक्तसंसर्ग झाल्याचा रिपोर्ट यायचा. आमच्याकडे तसं होत असेल, तर बायकांना विनाकारण भारी अँटिबायोटिक्स सुरू झाली असती. म्हणून ज्यांना अजून ताप होता अशा चौघींचं रक्त आम्ही पुन्हा काढलं. या वेळी दोन वेगळ्या जागांहून घेतलं आणि त्वचा पुसायला लॅबमधून नेलेले सीलबंद अल्कोहोलचे स्वॅब वापरले. न वापरलेल्या कल्चरच्या बाटल्याही रक्त न घालता तशाच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. त्यांत काहीच वाढलं नाही आणि चौघींपैकी तिघींच्या रक्तात तोच जंतू पुन्हा वाढला. शिवाय प्रत्येकीच्या केसपेपरवर हुडहुडी भरून ताप आल्याची नोंद होती. प्लेटवरचा भेसळीचा जंतू रुग्णाला हुडहुडी भरवत नाही. साथ खरी होती.

आता व्याख्या. ‘केस’ कुणाला म्हणायचं, हे मोजणी सुरू करण्याआधी लिहून ठेवावं लागतं. नाही तर जो तो आपल्याला शंका येईल तशी नावं यादीत घालतो आणि वगळतो. आमच्या पहिल्या मसुद्यात सवयीप्रमाणे ‘दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर’ अशी अट होती, कारण रुग्णालयात लागलेला संसर्ग ठरवताना सहसा हीच अट लावतात. पण सलाईनमधून किंवा इंजेक्शनमधून जंतू थेट शिरेत गेला, तर हुडहुडी काही तासांतच भरते. शनिवारी रात्री उलट्या-जुलाबांनी दाखल झालेली एक बाई होती, तिला रविवारी दुपारी चारच्या सुमाराला थंडी वाजून ताप आला आणि कल्चरमध्ये सेपेशिया निघाला. ४८ तासांची अट ठेवली असती, तर ती यादीतून बाहेर पडली असती. आणि खरं तर सगळ्यात जास्त सांगण्यासारखं तिच्याकडेच होतं. बाकीच्या बायका आठ-दहा दिवस वॉर्डात होत्या. त्यांना या काळात शेकडो गोष्टींचा संपर्क आलेला. हिचा वॉर्डशी संबंध जेमतेम अठरा तासांचा.

म्हणून आम्ही अट बदलली. १ जुलैनंतर महिला मेडिसिन वॉर्डात असलेली, दाखल होताना रक्तसंसर्गाची लक्षणं नसलेली, वॉर्डात आल्यावर १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप अथवा हुडहुडी नव्यानं आलेली आणि रक्ताच्या कल्चरमध्ये सेपेशिया मिळालेली रुग्ण म्हणजे ‘निश्चित’ केस. बाकी सगळं तसंच, पण कल्चर पाठवलेलं नाही किंवा त्यात काही वाढलं नाही, हुडहुडी शिरेतल्या इंजेक्शननंतर सहा तासांच्या आत आली आणि तापाचं दुसरं कारण सापडलं नाही, तर ‘संभाव्य’. निश्चित केसच्या व्याख्येत इंजेक्शनचा उल्लेख आम्ही मुद्दाम टाळला. ज्या गोष्टीवर संशय आहे तीच व्याख्येत घातली, तर नंतर सगळ्या केसेसना तिचा संपर्क झालेला दिसणारच; ते उत्तर आपणच आत ठेवलेलं असतं. संभाव्य केसेसमध्ये ही तडजोड करावी लागली, कारण जुलैत मेडिसिन वॉर्डात ताप हा प्रत्येक दुसऱ्या खाटेवर असतो. म्हणून शेवटचा हिशेब निश्चित केसेस वेगळ्या काढूनही तपासला.

या व्याख्येनं केसपेपर, नर्सेसचं रिपोर्ट बुक आणि तापाचे तक्ते पुन्हा वाचले. दोन-तीन दिवसांत एकूण नऊ जणी झाल्या: सहा निश्चित, तीन संभाव्य. त्या तिघींना हुडहुडी भरली होती, पण कल्चर पाठवलेलंच नव्हतं, ‘मलेरिया असेल’ म्हणून फक्त स्मिअर गेला होता.

आता आलेख. माझ्या हाताखालच्या रेसिडेंटनं पहिला आलेख लॅबच्या यादीवरून काढला. आडव्या अक्षावर रिपोर्टची तारीख आणि एका खांबात एक आठवडा. तो पाहिल्यावर असं वाटत होतं की हळूहळू चढत जाणारी साथ आहे, एकीकडून दुसरीकडे हातांवाटे पसरत असावी. त्यावर विश्वास ठेवला असता, तर आम्ही हात धुण्याच्या मोहिमेमागे लागलो असतो आणि मूळ कारण वॉर्डात तसंच राहिलं असतं.

पण रिपोर्टची तारीख ही लॅबच्या कामाची तारीख असते, आजाराची नाही. रक्त कधी काढलं, बाटली मशीनमध्ये कधी गेली, सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवर किती माणसं होती, अशा सगळ्या गोष्टी तिच्यात मिसळलेल्या असतात. मी रेसिडेंटला म्हटलं, प्रत्येकीची पहिली हुडहुडी शोध. तारीख आणि वेळ. त्यानं ती रिपोर्ट बुकातून शोधली. आमच्या सिस्टर ते पुस्तक इतकं नेमकं लिहितात की ‘३.४० वाजता पेशंटला थंडी वाजून आली, डॉक्टरांना कळवले’ अशा ओळी मिळाल्या. मग खांबाची रुंदी. एरवी आजाराच्या अधिशयन काळाच्या, म्हणजे जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या, साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा खांब घेतात. इथे तसा ठरलेला काळच नाही, म्हणून आम्ही वेगवेगळ्या रुंदीचे आलेख काढून पाहिले. खांब बारा तासांचा केला आणि चित्र उलगडलं.

६ ते ८ जुलै, दोन केसेस. १३ ते १५, तीन. २० ते २२, तीन. दरम्यानच्या मंगळवार ते शुक्रवारात खांबच नाहीत. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्याच पट्ट्यात सगळं गोळा झालेलं, तीन आठवडे ओळीनं. हातावाटे पसरणारी साथ अशी वार पाहून येत नाही. हा एकाच जागेतून पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग होता: शनिवारी काहीतरी सुरू होत होतं आणि सोमवारी थांबत होतं.

नववी केस मात्र या चित्रात बसेना. तिला १७ जुलैच्या, म्हणजे बुधवारच्या रात्री हुडहुडी भरली होती. कल्चर पॉझिटिव्ह, लक्षणं तीच. आलेखात वेगळा पडलेला ठिपका पुसून टाकायची घाई कधी करू नये. त्याच्याशी थोडं बसावं. आम्ही तो तसाच ठेवला आणि आलेखाचा कागद घेऊन वॉर्डात गेलो.

वॉर्डात वातावरण तंग होतं. शनिवार-रविवार म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं की त्या दिवशी कोणाची ड्यूटी होती, हेच आता विचारणार. एका तरुण सिस्टरनं तर आधीच सांगून टाकलं, “मॅडम, मी फक्त दोनच रविवारी होते.” आम्ही ड्यूटी रोस्टर पाहिलं, ते पाहायलाच हवं होतं. पण सगळ्या केसेसच्या वेळी हजर असलेली एकही व्यक्ती निघाली नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर लोक मोकळे बोलू लागले, आणि वॉर्डात नेमकं काय चालतं हे लोक मोकळे बोलल्याशिवाय कळत नाही.

मग इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, “शनिवार-रविवारी वॉर्डात काय वेगळं असतं?” त्या म्हणाल्या, “काही नाही मॅडम, तेच काम.” थोडं थांबून म्हणाल्या, “स्टोअर बंद असतं एवढंच.” आणि बुधवारी? त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “सतरा तारखेला मोहरमची सुट्टी होती. स्टोअर बंदच.”

आमच्याकडे कॅन्युला फ्लश करायला आणि अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला दहा मिलीलीटरचे सलाईनचे अँपूल मिळतात. एक अँपूल, एक इंजेक्शन, उरलेलं फेकायचं. स्टोअरचा इंडेंट शनिवारी सकाळी जातो आणि पुढचा माल सोमवारी दुपारी येतो. जुलैत डेंगी आणि लेप्टोच्या संशयाच्या रुग्णांनी वॉर्ड भरतो, खाटांच्या मधे गाद्या पडतात. अँपूल शनिवारी संध्याकाळपर्यंत संपायचे. मग ५०० मिलीलीटरची सलाईनची बाटली ट्रॉलीच्या स्टँडला टांगायची, रबरी बूच बोळ्यानं पुसायचं, त्यात एक जाड सुई खोचून ठेवायची आणि ज्याला लागेल त्यानं सिरिंज लावून त्यातून सलाईन ओढायचं. ती बाटली सोमवारपर्यंत सगळ्या वॉर्डाला पुरायची. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. समोर चाळीस-पन्नास जणींची इंजेक्शनं आणि कपाट रिकामं, अशा वेळी सिस्टरांनी काढलेली ती वाट होती. पण सलाईनमध्ये जंतू रोखणारं काहीही नसतं. एकदा सेपेशिया आत गेला की खोलीच्या तापमानाला तो त्यात मजेत वाढतो, आणि दर मिलीलीटरला लाखभर झाले तरी पाणी डोळ्यांना नितळच दिसतं.

ती बाटली अजून होती. सोमवारी सकाळच्या फोनमुळे ती सुईसकट टांगलेली राहिली होती आणि आम्ही ती त्याच दिवशी लेबल लावून फ्रीजमध्ये नेली होती.

संशय पक्का झाला होता, पण आकड्यांची साथ हवी होती. त्याच काळात वॉर्डात होत्या, किमान एक सुट्टीचा दिवस तिथे काढला, पण हुडहुडी आली नाही अशा अठरा बायका तुलनेला घेतल्या. सुट्टीच्या काळात शिरेतून इंजेक्शन नऊपैकी नऊ केसेसना मिळालं होतं; तुलनेतल्या अठरांपैकी सात जणींना. निव्वळ योगायोगानं अशी विभागणी होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास येते. पण एक शंका उरतेच: जास्त आजारी माणसालाच जास्त इंजेक्शनं मिळतात, मग दोष इंजेक्शनचा की आजाराचा? म्हणून तोच हिशेब इतर वारांच्या इंजेक्शनांसाठी केला. केसेसमध्ये नऊपैकी आठ, तुलनेत अठरांपैकी चौदा. जवळपास सारखंच. शनिवारी रात्री आलेल्या बाईला तर कामाच्या दिवशी एकही इंजेक्शन मिळालेलं नव्हतं. इंजेक्शन घेणं हा प्रश्न नव्हता, सुट्टीत घेणं हा होता.

बाटलीत जंतू कुठून आला, हे अजून राहिलं होतं. अशा वेळी भिंती, पंखे, खाटांचे कठडे असे शंभर ठिकाणचे स्वॅब घ्यायचा मोह होतो. त्यातून भरपूर जंतू मिळतात आणि काहीच कळत नाही. आम्ही फक्त त्या सुईच्या वाटेवरचं घेतलं: टांगलेली बाटली, त्याच बॅचच्या न उघडलेल्या बाटल्या, अँपूल, सिंकचं पाणी, बूच पुसायचे बोळे ज्यात भिजत ठेवतात तो झाकणाचा स्टीलचा डबा, आणि जंतुनाशकाचा मूळ कॅन. डब्यातलं ते पिवळं द्रावण क्लोरहेक्झिडीन आणि सेट्रिमाइडचं असतं, पाणी घालून पातळ केलेलं.

इथे लॅबमध्ये एक काळजी घ्यावी लागते. जंतुनाशकाचा नमुना साध्या माध्यमात टाकला, तर जंतुनाशकही त्याच्याबरोबर येतं आणि प्लेटवर वाढ रोखून धरतं. रिपोर्ट ‘वाढ नाही’ येतो आणि डबा निर्दोष ठरतो. त्यासाठी माध्यमात लेसिथिन आणि ट्वीन ८० घालून जंतुनाशकाचा जोर आधी मारावा लागतो. आम्ही नमुना दोन्ही प्रकारे लावला. साध्या माध्यमात काहीच आलं नाही. लेसिथिनवाल्या माध्यमात गुरुवारी सेपेशिया दाट वाढला होता. टांगलेल्या बाटलीतही तोच होता, दर मिलीलीटरला हजारोंनी. न उघडलेल्या बाटल्या, अँपूल, मूळ कॅन आणि सिंकचं पाणी, सगळं स्वच्छ. पलीकडच्या पुरुष वॉर्डात त्याच बॅचचं सलाईन वापरात होतं आणि तिथे एकही केस नव्हती, त्यामुळे बॅचचा दोष तसाही मागे पडला होता. पुरुष वॉर्डात त्या महिन्यात अँपूल पुरले होते.

डबा कसा भरला जातो, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. ते वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. “रोज सकाळी बोळे टाकते आणि वरून औषध आणि पाणी घालते.” डबा रिकामा कधी करता? “रिकामा होतच नाही ना.” तळाशी जुनं द्रावण राहायचं, कापसानं औषधाचा बराच भाग शोषून घेतलेला, वर नळाचं पाणी अंदाजानं. अशा पातळ झालेल्या द्रावणात बाकीचे जंतू मरतात आणि सेपेशिया एकटा उरतो. मावशींना मी म्हटलं की तुम्ही हे सांगितलं नसतं, तर आम्ही अजून शोधतच असतो. ते शब्दशः खरं होतं. त्या डब्यात पहिला जंतू कधी आणि कशातून पडला, ते मात्र सापडलं नाही. नळाचं पाणी आम्ही तपासलं तेव्हा स्वच्छ होतं, महिन्यापूर्वी कसं होतं हे आता कळणार नाही.

डब्यातले बोळे बाकी त्वचेवरही वापरले जात होते, मग एरवी केसेस का नाहीत, असं अधीक्षकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्वचेवर थोडे जंतू लागले आणि द्रावण वाळलं, तर रक्तात जाणारी मात्रा फार छोटी असते. बुचावरून सुईवाटे सलाईनमध्ये गेलेल्या त्याच थोड्या जंतूंना मात्र वाढायला दीड-दोन दिवस मिळायचे आणि मग सिरिंज भरून थेट शिरेत. आलेखातले खांब रविवार-सोमवारकडे जास्त झुकलेले होते, त्याचं कारणही हेच.

हे सगळे रिपोर्ट यायची वाट पाहत आम्ही बसलो नव्हतो. आलेख आणि सिस्टरांचं बोलणं जुळलं त्याच दुपारी सामायिक बाटली बंद झाली, स्टीलचा डबा वॉर्डातून निघाला, त्याच्या जागी एकेकटे सीलबंद अल्कोहोल स्वॅब आले आणि त्या नऊ जणींपैकी वॉर्डात असलेल्यांच्या जुन्या कॅन्युला काढून नव्या लावल्या. उपचार सोपे होते, जंतू ओळखला होता म्हणून. आठ जणी बऱ्या होऊन घरी गेल्या. एक जण, मूत्रपिंडं आधीपासून निकामी होत आलेली, गेली. तिच्या मृत्यूत या संसर्गाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही, पण वाटा नव्हता असं मी म्हणू शकत नाही. तिच्या मुलाला मी आणि युनिटच्या डॉक्टरांनी बसवून हे सगळं सांगितलं, बाटलीसकट. त्यानं एकच विचारलं, आता तिथे दुसऱ्या बायकांना असं होणार नाही ना.

पुढचे शनिवार-रविवार आम्ही तोच बारा तासांच्या खांबांचा आलेख चालू ठेवला. जनुकीय तुलनेसाठी बाहेर पाठवलेले जंतू, सहा जणींचे, बाटलीतला आणि डब्यातला, एकाच वंशाचे निघाले. पण तो रिपोर्ट येईपर्यंत खरं काम स्टोअरमध्ये व्हायचं होतं. अँपूलचा कोटा मंजूर खाटांवर ठरलेला होता, म्हणजे तिसांवर, आणि जुलैत वॉर्डात पन्नासच्या वर बायका होत्या. आता इंडेंट शुक्रवारच्या प्रत्यक्ष रुग्णसंख्येवर आणि चालू इंजेक्शनांच्या मोजणीवर जातो, सुट्टी लागून आली की तेवढ्या दिवसांचा जास्त. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी सिस्टरांबरोबर कपाट उघडून पाहिलं. दोन खोकी शिल्लक होती.